आईला, हॉस्टेलवरून

आई,

फोनवर बोलायला लागलं की तुझा आवाज कापरा होतो, मग माझाही होतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून आज लिहून पाठवतेय. हातातलं काम उरकलं की चष्मा लाव आणि सावकाश वाच.

आधी हे सांगते, की मी बरी आहे. काल रात्री साडेअकराला पाठ टेकली ती सकाळी सहालाच जाग आली. मध्ये एकदाही उठले नाही. इथे आल्यापासून सहा दिवसांत अशी सलग झोप पहिल्यांदाच लागली.

आता परवा दुपारचं बोलते. प्रॅक्टिकलला बसताना फोन सायलेंट करून बॅगेत टाकायचा आणि बॅग बाहेरच्या रॅकवर ठेवायची, असा आमच्याकडे नियम आहे. दोन तासांनी बाहेर येऊन पाहिलं तर तुझे अकरा मिस्ड कॉल. माझ्या पोटात धस्स झालं. बाबांना काही झालं की काय, हेच पहिलं मनात आलं. जिन्यातच थांबून फोन लावला. तू पहिल्याच रिंगला उचललास आणि नुसतं "अगं, कुठे होतीस?" एवढंच म्हणालीस. मी मात्र "सारखे सारखे काय फोन करतेस" म्हणून तुझ्यावर खेकसले. चुकलं माझं. दोघीही घाबरलो होतो. तू माझ्यासाठी आणि मी तुमच्यासाठी. ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुझ्या फोनांचा मला त्रास होत नाही गं. मी फोन उचलत नाही त्या तासाभरात तू एकटी बसून काय काय मनात आणत असशील, ते मला बघवत नाही. बाबा म्हणाले, तू रात्री फोन उशाशी घेऊन झोपतेस आणि मध्येच उठून माझं 'लास्ट सीन' बघतेस. म्हणून त्या टिकांचं एकदा नीट सांगते. एकच टिक दिसली तर तुझा मेसेज माझ्या फोनपर्यंत पोचलेलाच नाही. बहुतेक वेळा माझं नेट बंद असतं, नाहीतर चार्जिंग संपलेलं असतं. लायब्ररीची अभ्यासिका तळघरात आहे, तिथे रेंज येत नाही, त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी तुला तीन तास एकच टिक दिसत होती. दोन राखाडी टिका म्हणजे पोचला, पण मी अजून बघितलेला नाही. निळ्या झाल्या की वाचला. वाचूनही उत्तर आलं नाही तर मी वर्गात आहे किंवा कुणाशी तरी बोलतेय असं समज. यातल्या कुठल्याही टिकेचा अर्थ 'काहीतरी झालं' असा नसतो.

आणि रात्रीचं म्हणशील तर, झोपताना मी फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाकते, पण त्यातून तुझा आणि बाबांचा नंबर वगळून ठेवलाय. बाकी कुणाचा फोन वाजणार नाही, तुमचा वाजेल. काल बाबांनाच मला फोन करायला सांगून मी आवाज तपासला असता, पण तुम्ही झोपला होतात. आज तूच एकदा साडेदहाला करून बघ. वाजला की तुझीही खात्री पटेल.

रोज रात्री नऊला मी फोन करत जाईन. जेवण झालेलं असतं, खोलीत गडबड नसते, मला मनापासून बोलता येतं. सकाळी वर्गाला निघताना एक मेसेज टाकेन. कधी नऊचे साडेनऊ झाले तर थोडी वाट बघ. दहापर्यंत काहीच आलं नाही तर खुशाल फोन कर, मी नाही उचलला तर रूममेटला कर, मग वॉर्डनबाईंना. दोघींचे नंबर बाबांना पाठवलेत. कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवायला सांग त्यांना. आणि मध्येच कधी तुला अगदीच राहवलं नाही, तर तेव्हाही कर. मी चिडणार नाही.

तू रोज विचारतेस ना, दार नीट लावतेस का? लावते. आमच्या दाराची कडी जरा अडते. दार खांद्याने थोडं वर उचलून धरलं की ती 'टक्' करून बसते. पहिल्या दिवशी मला जमत नव्हतं, रूममेटने दाखवलं. आता झोपायच्या आधी तो आवाज ऐकला की मलाच बरं वाटतं. खाली फाटकाशी रात्रभर माणूस असतो आणि नऊनंतर आत येणाऱ्या प्रत्येकीला वहीत सही करावी लागते.

आणखी एक. यापुढे तुझ्यापासून काही लपवणार नाही, ताप आला तरी आणि पेपर वाईट गेला तरी. मी सगळं सांगते असं तुला वाटलं, तरच माझ्या "बरी आहे"वर तुझा विश्वास बसेल. म्हणून हेही सांगून टाकते, की दुसऱ्या रात्री मी बाथरूममध्ये जाऊन रडले. फार नाही, दहा मिनिटं. तोंड धुऊन खोलीत आले तर रूममेटचेही डोळे लाल होते. मग आम्ही दिवा न लावता एक वाजेपर्यंत आपापल्या घरच्यांबद्दल बोलत बसलो. तिची आईही दिवसातून आठ-दहा फोन करते म्हणे. त्या रात्रीनंतर रडू आलेलं नाही. पुन्हा आलं तर सांगेन, पण लगेच गाडी पकडून निघू नकोस. ऐकून घे, तेवढं पुरेल मला.

काल कुर्त्याचं बटण तुटलं. वर्गाला जायला वीस मिनिटं राहिली होती. मी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला तर ती चपटी डबी हाताला लागली. तू कधी ठेवलीस ती? मला माहीतच नव्हतं. दोन सुया, त्यांत दोरा ओवूनच ठेवलेला, एकीत पांढरा, एकीत काळा. मला घाईत दोरा ओवता येत नाही हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत असणार! बटण लावलं, चार टाके वाकडे पडले, पण घट्ट बसलंय. तू इथे नसतेस असं मला वाटत नाही, ते अशा गोष्टींमुळे.

आणि तुझ्याकडून एक हवंय मला. आपण बोलतो तेव्हा तू फक्त विचारतेस, जेवलीस का, झोपलीस का, दार लावलंस का. तुझं काहीच सांगत नाहीस. सहा दिवसांत मला एवढंही कळलं नाही की तुझा गुडघा कसा आहे, माझ्या खोलीतली ती खिडकी उघडी ठेवतेस की बंद, दुपारी मी नसताना काय करतेस. मलाही घरचं ऐकायचं असतं, आई.

आत्ता पावणेआठ झालेत, मी जेवायला खाली जातेय. नऊला फोन करते. डॉक्टरांनी सांगितलेला गुडघ्याचा व्यायाम आज केलास का, ते आधी सांगायचं, मग माझी चौकशी.

तुझी,
धाकटी