विषय: एम.एस्सी. (भूशास्त्र) प्रवेशासाठी रशियन गुणपत्रकाचे इंग्रजी भाषांतर तात्पुरते ग्राह्य धरण्याबाबत, अर्ज क्रमांक भूशा/०४१७

प्रति,
मा. कुलसचिव महोदय,
विद्यापीठ प्रशासकीय इमारत, नागपूर

महोदय,

मी धनश्री प्रमोद उमरेडकर, रा. प्रतापनगर, नागपूर. मी रशियात टॉम्स्क येथे चार वर्षांचा भूशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण केला असून आपल्याकडे एम.एस्सी.साठी अर्ज केला आहे. त्या पदवीचे गुणपत्रक, म्हणजे डिप्लोमाची चार पानी पुरवणी, फक्त रशियन भाषेत मिळते. मूळ कागद आज माझ्या हाती नाही. त्याच्या छायाचित्रांवरून केलेले इंग्रजी भाषांतर सोबत जोडले आहे. मूळ प्रत येईपर्यंत ते तात्पुरते ग्राह्य धरून माझा अर्ज छाननीत ठेवावा, एवढीच विनंती आहे.

मूळ कागद का नाही, ते आधी सांगते. परदेशी पदवी इथे चालण्यासाठी तिच्यावर अपॉस्टिल लागते आणि रशियन शैक्षणिक कागदांवर ती रशियातच होते. माझ्या व्हिसाची मुदत संपत आली होती. म्हणून डिप्लोमा आणि पुरवणी तिथेच शिकत असलेल्या वर्गमैत्रिणीकडे मुखत्यारपत्रासह सोपवून मी परतले. देण्यापूर्वी चारही पानांची छायाचित्रे काढून ठेवली. कागद सध्या तिथल्या कार्यालयात जमा आहेत. जमा केल्याची पावती आणि तिचे भाषांतर जोडले आहे.

प्रवेश विभागाच्या खिडकीवर मी भाषांतर दाखवले तेव्हा तिथल्या मॅडमनी ते नीट वाचले आणि सांगितले की मोबाईलच्या फोटोवरून केलेले भाषांतर स्वीकारायचे की नाही हे त्यांच्या अधिकारात नाही, कुलसचिव साहेबांना लिहा. त्यांचे म्हणणे रास्त आहे. फोटो कोणीही काढू शकतो आणि त्यात फेरफारही करू शकतो. म्हणून हे भाषांतर कसे केले ते थोडे सविस्तर लिहिते.

भाषांतराचा पहिला खर्डा माझा आहे. स्फटिकशास्त्र, शैलवर्णन, संरचनात्मक भूशास्त्र असे विषय मी रशियन भाषेत शिकले, त्यामुळे त्यांची रूढ इंग्रजी नावे मला ठाऊक आहेत. पण स्वतःच्या गुणपत्रकाचे भाषांतर स्वतःच प्रमाणित करणे कोणालाही पटणार नाही. म्हणून रशियन शिकवणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ते छायाचित्रांशी ओळीने ओळ ताडून पाहिले आणि प्रत्येक पानावर सही केली. त्यांचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर झाले आहे. नोटरींनी फक्त सही साक्षांकित केली आहे, भाषांतर तपासलेले नाही. तो शिक्का पाहून गैरसमज होऊ नये म्हणून हे नमूद करते.

मूळ मांडणी जशीच्या तशी ठेवली आहे. ओळीसमोर ओळ, रकान्यासमोर रकाना. गोल शिक्का जिथे आहे तिथे ‘गोल शिक्का, निळी शाई’ असे लिहिले आहे. तिसऱ्या पानावर घडी बरोबर एका ओळीवरून जाते आणि ‘संरचनात्मक भूशास्त्र’ या विषयासमोरचा श्रेयांकाचा आकडा तिथे दिसत नाही. पुरवणीच्या शेवटी अभ्यासक्रमाचे एकूण श्रेयांक २४० छापलेले आहेत आणि बाकी सर्व ओळींची बेरीज २३४ येते, म्हणजे तो आकडा ६ असणार. तरीही भाषांतरात मी ६ लिहिलेला नाही. तिथे ‘अस्पष्ट’ असे लिहून बेरजेची टीप खाली वेगळी दिली आहे. मूळ कागद आला की खात्री करता येईल. एक श्रेयांक म्हणजे तिथे ३६ तास. आपल्या श्रेयांकाशी तो थेट जुळत नाही, त्यामुळे तुलना करताना तासही पाहावेत. क्षेत्रकार्याच्या ओळीत ९ श्रेयांक दिसतात, ते सहा आठवड्यांच्या क्षेत्रकार्याचे आहेत.

आता टक्केवारीबद्दल. यावरून माझा अर्ज बाद होईल अशी मला खरी धास्ती आहे. त्या पुरवणीत गुण अंकांत नसतातच. प्रत्येक विषयासमोर ‘उत्कृष्ट’, ‘चांगले’ किंवा ‘समाधानकारक’ असा शब्द असतो आणि काही विषयांसमोर नुसते ‘उत्तीर्ण’. ‘उत्तीर्ण’ला कोणतीही श्रेणी नसते, तो विषय कितीही चांगला गेला असला तरी. या शब्दांची टक्केवारी मी स्वतः ठरवणे योग्य नाही, म्हणून भाषांतरातही ती काढलेली नाही. पण ऑनलाइन अर्जात तो रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकत नव्हता, त्यामुळे तिथे शून्य भरले आहे. संगणकीय छाननीत शून्य टक्के म्हणून माझे नाव आपोआप गळू नये, ही कृपया संबंधितांना सूचना द्यावी. गुणांचे रूपांतर आपल्या समितीने करावे. समकक्षतेचा अर्ज मी मूळ कागद हाती येताच करणार आहे.

नावाचेही सांगायला हवे. बारावीच्या गुणपत्रिकेवर माझे आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी आहे. पासपोर्टवर क्रम वेगळा आहे आणि रशियन कागदावर ‘धनश्री’ त्यांच्या लिपीत गेल्यामुळे परत इंग्रजीत आणताना स्पेलिंग बदलते. भाषांतरात पासपोर्टचे स्पेलिंग घेतले आहे. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे.

विद्यापीठाला परस्पर खात्री करायची असल्यास दोन मार्ग आहेत. डिप्लोमाची मालिका, क्रमांक, नोंदणी क्रमांक आणि दिनांक भाषांतराच्या पहिल्या पानावर आहेत. रशियातील शिक्षण पर्यवेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर शैक्षणिक कागदांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथे हेच तपशील आणि आडनाव भरून पडताळणी करता येते. दुसरे, आपल्या अधिकृत ईमेलवरून तिथल्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला थेट विचारता येईल. त्यासाठीचे माझे संमतीपत्र सोबत आहे. संपर्काचा पत्ता मात्र मी दिलेला पाहण्याऐवजी आपणच त्यांच्या संकेतस्थळावरून घ्यावा, ते अधिक बरे.

छायाचित्रे p1.jpg ते p4.jpg या नावांनी मूळ फाइलच जोडल्या आहेत, व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या नाहीत, त्यामुळे दिनांक आणि कॅमेऱ्याची माहिती फाइलमध्ये शाबूत आहे. उजेड किंवा रंग बदललेला नाही. दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात माझ्या बोटाची सावली आहे, तीही तशीच राहू दिली आहे. तिच्याखाली मजकूर नाही.

मूळ प्रत मिळाल्यापासून सात दिवसांत मी ती स्वतः घेऊन येईन. ती भाषांतराशी जुळली नाही तर माझा प्रवेश रद्द करण्यास माझी हरकत नसेल, असे हमीपत्र जोडले आहे. तात्पुरता प्रवेश नियमात बसत नसेल तर निदान छाननी यादीत नाव ठेवून निर्णय राखून ठेवता येईल का, हे कळवावे. आपल्या पॅनेलवरील भाषांतरकाराकडूनच काम करून घ्यावे असा नियम असल्यास तोही सांगावा. त्याचे शुल्क भरण्यास मी तयार आहे.

गुणवत्ता यादी लागण्यापूर्वी उत्तर मिळाल्यास आभारी राहीन. माझा मोबाईल क्रमांक अर्जावर आहे. बोलावल्यास मी कार्यालयात केव्हाही येऊ शकते.

आपली विश्वासू,
धनश्री प्रमोद उमरेडकर

सोबत: पुरवणीची चार छायाचित्रे, भाषांतर, भाषांतर तपासणाऱ्या प्राध्यापकांचे प्रतिज्ञापत्र, अपॉस्टिलसाठी कागद जमा केल्याची पावती व तिचे भाषांतर, नावाबाबतचे प्रतिज्ञापत्र, पासपोर्ट व बारावीच्या गुणपत्रिकेची प्रत, संमतीपत्र आणि हमीपत्र.