चार एकर शेतीचे हंगामी कामांचे वेळापत्रक : १६ मे २०२६ ते १५ मे २०२७

हे वेळापत्रक मध्यम ते भारी काळ्या जमिनीच्या चार एकर क्षेत्रासाठी तयार केले आहे. पाण्याचा एकमेव स्रोत विहीर आहे. ती फेब्रुवारीपर्यंत भरवशाने आणि त्यानंतर केवळ अर्ध्या एकरापुरते पाणी देते, असे धरूनच रब्बीची पिके ठरवली आहेत. विहिरीकडील एक एकरात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत वीस गुंठे गहू व वीस गुंठे कांदा, मधल्या दोन एकरांत सोयाबीन व तुरीचे आंतरपीक, तर बांधाकडील एक एकरात सोयाबीननंतर हरभरा घ्यायचा आहे. पाणी देण्याचे काम काका पाहतील, फवारणी दादा करतील, बियाण्याची निवड व उगवण तपासणी आईकडे राहील आणि तारखांची नोंद मी ठेवीन.

खाली दिलेली प्रत्येक तारीख सोयाबीनची पेरणी २० जूनला होईल या गृहीतावर काढलेली आहे. पेरणी जितके दिवस पुढे जाईल तितके दिवस खरिपाच्या सर्व तारखा पुढे सरकवाव्यात. गहू आणि हरभऱ्याच्या पेरणीच्या तारखा मात्र थंडीशी बांधलेल्या असल्यामुळे त्या शक्यतो हलवू नयेत. तारीख आणि पिकाची अवस्था यांचा मेळ बसला नाही, तर अवस्था पाहून काम करावे.

१६ मे ते १५ जून : पूर्वतयारी

उन्हाळी नांगरट झालेल्या तिन्ही तुकड्यांत २० मेपर्यंत वखराची पहिली पाळी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरी पाळी द्यावी. दुसऱ्या पाळीपूर्वी एकरी दोन टन कुजलेले शेणखत पसरावे. शेणखत पुरे पडणार नाही असे दिसल्यास ते सगळीकडे थोडे थोडे टाकण्यापेक्षा विहिरीकडील एकरालाच द्यावे, कारण तिथे वर्षात दोन पिके निघणार आहेत.

घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण २५ मे रोजी तपासावी. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गोणपाटाची सैल गुंडाळी करून ती सावलीत ठेवावी आणि ओल टिकेल इतकेच पाणी शिंपडत राहावे. सहाव्या-सातव्या दिवशी सत्तर किंवा अधिक दाण्यांना निरोगी कोंब असतील, तर एकरी ३० किलो प्रमाण पुरेसे आहे. उगवण साठ ते सत्तरच्या दरम्यान असेल तर प्रमाण त्या हिशेबाने वाढवावे आणि त्याहून कमी असेल तर ते बियाणे बाद करावे. ही तपासणी मे महिन्यातच ठेवण्याचे कारण एवढेच, की दुसरे बियाणे मिळवायला हाताशी वेळ राहतो.

१६ जून ते १५ जुलै : खरीप पेरणी

एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत वाफसा आल्याशिवाय पेरणी करू नये. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरून पुढे उघडीप झाली, तर दुबार पेरणी अटळ होते. अशा पावसात ओल वरच्या थरातच असते, हे पेरणीच्या सकाळी कुदळीने अर्धा हात खणून पाहिले की लगेच कळते.

बीजप्रक्रिया पेरणीच्या आदल्या दिवशी सुरू करावी. प्रथम कार्बोक्झिन आणि थायरम यांचे मिश्र बुरशीनाशक किलोला तीन ग्रॅम या प्रमाणात चोळावे आणि बियाणे सावलीत सुकवावे. रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी दहा किलोस २५० ग्रॅम, सर्वांत शेवटी, पेरणीपूर्वी दोन-तीन तास लावावेत. क्रम उलटल्यास बुरशीनाशकामुळे जिवाणू मरतात. सोयाबीनचे टरफल पातळ असल्याने बियाणे पोत्यात घुसळू नये, ताडपत्रीवर पसरून हलक्या हाताने फिरवावे.

विहिरीकडील आणि बांधाकडील तुकड्यांत २० जूनला, तर मधल्या दोन एकरांत २१ व २२ जूनला पेरणी करावी. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि बियाणे तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. मधल्या तुकड्यात सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी याव्यात. १५ जुलैपर्यंत पुरेसा पाऊस झाला नाही, तर सोयाबीनचा विचार सोडून मधल्या दोन एकरांत सलग तूर पेरावी.

पहिली कोळपणी ८ ते १० जुलैला, म्हणजे पीक १८ ते २० दिवसांचे असताना करावी. निंबोळी अर्काची पहिली फवारणी १२ जुलैला ठेवली आहे. त्यासाठी पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या भरडून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून दोनदा गाळून घ्याव्यात, एक लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबण त्यात मिसळावा आणि एकूण द्रावण १०० लिटर करावे. गाळण्यात हयगय झाली तर पंपाचे नोझल दर दोन ओळींना तुंबते.

१६ जुलै ते १५ सप्टेंबर : देखरेख

दुसरी कोळपणी आणि खुरपणी २२ जुलैपर्यंत संपवावी. पीक फुलावर आल्यानंतर कोळपे चालवल्यास मुळे तुटतात आणि फूलगळ होते, म्हणून त्यानंतरचे मोठे तण हातानेच उपटावे.

२५ जुलैपासून दर बुधवारी व रविवारी शेताच्या पाच ठिकाणी एकेक मीटर ओळ तपासावी. चक्री भुंग्याने देठावर पाडलेले दोन गोल काप दिसल्यास त्याखालून फांदी तोडून नष्ट करावी. पिवळ्या मोझॅकची झाडे दिसताच उपटून शेताबाहेर न्यावीत, कारण पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडांवर नेते. मीटरभर ओळीत उंटअळी किंवा तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीच्या तीन ते चार लहान अळ्या आढळल्या, तरच ८ ते १२ ऑगस्टदरम्यान क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के, दहा लिटर पाण्यास तीन मिलिलिटर, फवारावे. त्याहून कमी अळ्या असताना फवारणी केल्याने खर्च होतो आणि मित्रकीटकही मरतात, तेव्हा शेजारच्या शेतात पंप चालू झाला म्हणून आपण चालू करू नये.

फवारणी सकाळी वारा पडलेला असताना करावी. हातमोजे, तोंडावर मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे असल्याशिवाय दादांनी पंप पाठीवर घेऊ नये. औषधाच्या लेबलावरील काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ प्रत्येक वेळी नोंदवहीत उतरवावा.

शेंगा भरण्याच्या काळात, साधारण १५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबरदरम्यान, सलग पंधरा दिवस पाऊस नसेल तर तुषार संचाने एक संरक्षित पाणी द्यावे.

१६ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर : काढणी आणि रब्बी पेरणी

वर्षातील सर्वांत गर्दीचे हे दोन महिने आहेत. मजूर आधी सांगून ठेवले नाहीत तर दोन कामे एकाच दिवशी येतील, म्हणून १० सप्टेंबरलाच बोलणे करावे.

सोयाबीनची काढणी २६ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळात करावी. पंच्याण्णव टक्के शेंगा तपकिरी झाल्या की उशीर करू नये, अन्यथा उन्हात शेंगा तडकून दाणे जमिनीवर सांडतात. बांधाकडील तुकडा पहिल्यांदा मोकळा करावा, कारण तिथे लगेच हरभऱ्याची मशागत आहे. कापलेल्या पिकाच्या गंज्या रचण्यापूर्वी ते दोन दिवस उन्हात वाळवावे आणि परतीच्या पावसासाठी ताडपत्री शेतातच ठेवावी. पुढच्या वर्षीच्या बियाण्याची मळणी वेगळी करून यंत्राची गती मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांच्या वर नेऊ नये.

तुरीला कळ्या लागताना ३० सप्टेंबरच्या सुमारास ओल कमी असल्यास एक पाणी द्यावे आणि शेंगा भरताना ५ नोव्हेंबरला दुसरे द्यावे. एकरी दोन कामगंध सापळे २५ सप्टेंबरला लावावेत. निंबोळी अर्काची फवारणी २ ऑक्टोबरला, घाटेअळीच्या विषाणूची, म्हणजे एचएएनपीव्हीची, १७ ऑक्टोबरला संध्याकाळी, आणि झाडागणिक एक ते दोन अळ्या राहिल्यास इमामेक्टिन बेन्झोएट पाच टक्के, दहा लिटरला ४.४ ग्रॅम, १ नोव्हेंबरला करावी. विषाणू उन्हात निष्प्रभ होतो, म्हणून ती फवारणी सूर्य कलल्यावरच करावी.

कांद्याचे बी २५ ऑक्टोबरला दोन गुंठ्यांच्या गादीवाफ्यांवर टाकावे. हरभरा २४ ऑक्टोबरला ३० बाय १० सेंटिमीटर अंतरावर पेरावा आणि बियाण्यास किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा. गव्हाची पेरणी १० नोव्हेंबरला वीस सेंटिमीटर अंतराच्या ओळींत करावी. वीस गुंठ्यांना वीस किलो बियाणे लागेल.

१६ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी : पाण्याचे दिवस

गव्हाची चार पाणी पुढील दिवशी ठरली आहेत : मुकुटमुळे फुटताना ३० नोव्हेंबर, कांडी धरताना २२ डिसेंबर, फुलोऱ्यात ११ जानेवारी आणि दाणे दुधाळ असताना ३१ जानेवारी. पहिल्या पाण्यापूर्वी युरियाचा दुसरा हप्ता द्यावा. विहीर आटू लागल्यास दुधाळ अवस्थेचे पाणी हलके करावे, पण मुकुटमुळांचे पाणी कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये.

हरभऱ्याला २६ नोव्हेंबर आणि २८ डिसेंबर अशी दोनच पाणी तुषार संचाने द्यायची आहेत. पाणी साचले की मर वाढते, त्यामुळे पिकाचा हिरवेपणा कमी दिसतो म्हणून काकांनी तिसरे पाणी देऊ नये. एकरात वीस पक्षीथांबे २० नोव्हेंबरला उभारावेत. ५ डिसेंबरला निंबोळी अर्क आणि २० डिसेंबरला संध्याकाळी विषाणूची फवारणी करावी.

तुरीची काढणी ८ ते १४ डिसेंबरला होईल. कांद्याची लागवड १५ ते १८ डिसेंबरला १५ बाय १० सेंटिमीटर अंतरावर करावी. वीज रात्रीची असलेल्या आठवड्यात लागवड आली, तर गादीवाफे आदल्या रात्री ठिबकाने ओले करून ठेवावेत. १० जानेवारीपासून दर आठवड्याला पातीच्या बेचक्यात फुलकिडे पाहावेत. करप्याचे डाग दिसताच मॅन्कोझेब दहा लिटरला २५ ग्रॅम चिकट द्रवासह फवारावे. फुलकिड्यांसाठी एकाच गटाचे कीटकनाशक लागोपाठ दोनदा वापरू नये.

हरभऱ्याची काढणी ११ फेब्रुवारीच्या सुमारास सकाळी दव असताना करावी, म्हणजे घाटे गळत नाहीत.

१६ फेब्रुवारी ते १५ मे : शेवटची काढणी आणि जमिनीची विश्रांती

गहू ५ ते ८ मार्चला कापावा. मधल्या दोन एकरांत उन्हाळी पीक घेऊ नये. भुईमुगाला जेवढे पाणी लागेल तेवढे विहीर देणार नाही आणि कांद्याचेही हाल होतील. तुराट्या बारीक करून तिथेच पसराव्यात.

कांद्याचे पाणी १७ मार्चला बंद करावे. निम्म्या पाती आपोआप माना टाकतील तेव्हा, अंदाजे ७ एप्रिलला, काढणी करावी. कांदा शेतात तीन-चार दिवस पातीने झाकून सुकवावा, माना दोन-तीन सेंटिमीटर ठेवून पात कापावी आणि चाळीत भरण्यापूर्वी जोड व डेंगळे वेगळे काढावेत.

खोल नांगरट १५ ते २५ एप्रिलदरम्यान उताराला आडवी करावी. नांगरटीपूर्वी प्रत्येक तुकड्यातून आठ-दहा ठिकाणी २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती काढून, एकत्र मिसळून, अर्धा किलो नमुना १५ एप्रिलपर्यंत प्रयोगशाळेत पोहोचवावा. बांध आणि शेणखताच्या ढिगाजवळची माती त्यात येऊ देऊ नये. १ ते १५ मे या काळात विहिरीतील गाळ काढणे, ठिबकच्या नळ्यांची टोके उघडून धुणे आणि पंपाची गळती थांबवणे ही कामे करावीत.