कार्यालयीन प्रवासासाठी वाहन वापराचे नियम
(परळ कार्यालय, 1 जुलै 2025 पासून लागू)

मुंबईत कामासाठी फिरताना आधी लोकल, मेट्रो किंवा बस. सामान असेल, रात्री 9 नंतर परतायचे असेल किंवा तिघे-चौघे एकत्र जात असतील तरच गाडी. तिची मागणी आदल्या दिवशी दुपारी 4 पर्यंत प्रशासन विभागाकडे करावी.

लॉगबुक

लॉगबुक गाडीतच राहील. नोंद निघताना आणि पोहोचल्यावर करायची. महिनाअखेरीस आठवून भरलेली पाने स्वीकारली जाणार नाहीत. आकडे मीटरवरचेच हवेत, नकाशावरचे नकोत. 'ऑफिसचे काम' एवढेच लिहिले तर ती नोंद परत येईल. नोंद अशी असावी:

2 जुलै, कार्यालयाची गाडी. परळ–मुलुंड–परळ. मीटर 48,212 ते 48,258, एकूण 46 किमी. काम: केंद्राची साठा तपासणी. ड्रायव्हर व प्रवाशाची सही.

4 जुलै, स्वतःची दुचाकी. परळ–अंधेरी–परळ. मीटर 12,405 ते 12,439, एकूण 34 किमी. काम: बँकेत कागदपत्रे देणे. 34 × 5 = 170 रुपये, पार्किंग 30, एकूण 200 रुपये.

स्वतःच्या वाहनाचा दर

मोटारीला किलोमीटरमागे 12 रुपये, दुचाकीला 5. पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, विमा सगळे यातच आले. त्यामुळे पेट्रोलचे बिल वेगळे लावू नये. ट्रॅफिकमध्ये दोन तास गेले म्हणून दर वाढत नाही. पार्किंग आणि टोल पावतीप्रमाणे मिळतील. टोलसाठी फास्टॅगचे स्टेटमेंट जोडावे. मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 पासून टोल नाही, तेव्हा वाशी किंवा दहिसरचा टोल बिलात दिसायला नको. अटल सेतूने जायचे तर आधी विचारावे.

घरून थेट कामाच्या ठिकाणी गेलात तर घरापासूनचे आणि कार्यालयापासूनचे अंतर पाहून त्यातले कमी असेल ते धरले जाईल. बिल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत द्यावे. विमा किंवा पीयूसी संपलेल्या वाहनाचे पैसे मिळणार नाहीत.

खासगी वापर

घर ते कार्यालय हा खासगी प्रवासच. वाटेत मुलांना क्लासला सोडणे, भाजी घेणे यासाठी कार्यालयाची गाडी वळवू नये. गणपती आणायला गाडी मिळेल का, असे दरवर्षी विचारले जाते. उत्तर दरवर्षी नाही हेच राहील.

अपवाद दोन. कोणाला तातडीने दवाखान्यात न्यायचे असेल तर परवानगीसाठी थांबू नका, नोंद नंतर करा. घरात मृत्यू झाल्यास व्यवस्थापकांना फोनवर कळवून गाडी घेता येईल. या वापराचे पैसे आम्ही घेत नाही, कारण पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही.

ई-चलन चालवणाऱ्याच्या नावे जाईल. त्या वेळी गाडी कोणाकडे होती हे लॉगबुकावरून ठरेल. दारू पिऊन चालवल्यास गाडी कायमची बंद आणि शिस्तभंगाची कारवाई होईल.