क्यूए पदाच्या ऑफरला नम्र नकार: एचआरला मेल आणि विभागप्रमुखांना पत्र

विषय: सीनिअर एक्झिक्युटिव्ह (क्वालिटी अॅश्युरन्स) पदाच्या ऑफरबाबत माझा निर्णय

नमस्कार मॅडम,

आपण पाठवलेले ऑफर लेटर मिळाले. या पदासाठी माझी निवड केल्याबद्दल आपले आणि इंटरव्ह्यू पॅनेलचे मनापासून आभार.

पूर्ण विचार करून मी ही ऑफर या वेळी न स्वीकारण्याचे ठरवले आहे. उत्तरासाठी आपण शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. पण माझा निर्णय झाला असताना तो शुक्रवारपर्यंत स्वतःजवळ ठेवणे मला योग्य वाटले नाही. दुसऱ्या उमेदवाराशी बोलायचे असेल, तर आपल्याला हे मधले दिवस मिळावेत.

पगार, पद किंवा रुजू होण्याची तारीख यांपैकी कशाबद्दलही माझी तक्रार नाही. त्यामुळे ऑफरमध्ये काही बदल व्हावा, अशीही अपेक्षा नाही. नकाराचे कारण माझ्या हातातले काम आणि पुढच्या काही वर्षांत मला करायचे असलेले काम यांच्याशी निगडित आहे. त्याबद्दल विभागप्रमुख सरांना मी वेगळे पत्र लिहीत आहे.

ऑफर लेटरवर मी सही केलेली नाही. पोर्टलवरही आजच नकाराची नोंद करते. माझ्या कागदपत्रांची पडताळणी सुरू झाली असेल, तर ती कृपया थांबवावी. सॅलरी स्लिप आणि ओळखपत्राच्या प्रती आता आपल्याला लागणार नाहीत, तेव्हा त्या काढून टाकल्या तर बरे होईल. बायोडेटा मात्र आपल्याकडे राहू द्यावा. अॅनालिटिकल डेव्हलपमेंट विभागात पुढे जागा निघाली, तर माझा विचार जरूर व्हावा, अशी विनंती आहे.

माझ्या शिफ्टमुळे दुसऱ्या इंटरव्ह्यूची वेळ बदलावी लागली होती. ती आपण एका फोनवर बदलून दिलीत आणि त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाहीत. त्याबद्दलही आभार.

आपली विश्वासू,
मीनल

---

विषय: ऑफरबद्दल सविस्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

एचआर मॅडमना आज सकाळीच मेल केला आहे, तो आपल्यापर्यंत पोहोचला असेल. मी या वेळी आपल्या टीममध्ये येऊ शकत नाही. गेल्या आठवड्यात फोनवर आपण म्हणाला होता, "हो असो की नाही, कारण मला स्पष्ट कळवा." दोन ओळींत उरकण्यासारखं ते नाही आणि आपण मला जेवढा वेळ दिलात, तो पाहता ते उरकणं मला बरंही वाटत नाही.

पहिलं कारण हातातल्या कामाचं आहे. माझ्याकडे सध्या एका औषधाचा स्टॅबिलिटी स्टडी आहे. औषध कोणतं आणि निकाल काय, हे अर्थातच सांगता येणार नाही, पण काम कोणत्या टप्प्यावर आहे हे आपल्याला लगेच लक्षात येईल. तीन बॅचेस आहेत. ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेचा सहा महिन्यांचा अॅक्सिलरेटेड भाग पूर्ण झाला आहे. लाँग टर्मचे नऊ महिन्यांचे नमुनेही काढून झाले. आता बारा महिन्यांचे नमुने काढायचे आहेत, आणि सबमिशनसाठी नेमका तोच डेटा लागतो.

या स्टडीची एचपीएलसी मेथड मी बसवली आणि तिचं व्हॅलिडेशनही मीच केलं. मी मध्येच गेले तर काम अडून राहील, असं मी म्हणणार नाही. मेथड दुसऱ्या अॅनालिस्टला शिकवता येते, ट्रान्सफरची रीतसर कागदपत्रं करता येतात, आणि आमच्या लॅबमध्ये चांगली माणसं आहेत. पण बारा महिन्यांच्या नमुन्यात एखादा अनोळखी पीक दिसला, तर तो खरोखर औषधाच्या विघटनातून आलाय की कॉलम थकल्यामुळे दिसतोय, याचा अंदाज आधीचे सगळे क्रोमॅटोग्राम डोळ्यांखालून गेलेल्या माणसाला लवकर येतो. काम माझ्याकडे आलं तेव्हा फाइल तयार होईपर्यंत मी सोबत राहीन, असा शब्द मी माझ्या वरिष्ठांना दिला होता. तो कुठे लिहिलेला नाही. कुणी मला अडवलेलंही नाही. तरी तो पाळावा असं मला मनापासून वाटतं, आणि ज्या टीममध्ये मी यावं असं आपल्याला वाटलं, त्या टीमलाही शब्द पाळणारीच माणसं हवी असणार.

दुसरं कारण कामाच्या स्वरूपाचं आहे. ऑफर लेटरसोबत आलेलं कामाचं वर्णन मी दोन-तीनदा वाचलं. त्यात बॅच रेकॉर्डचा रिव्ह्यू, डेव्हिएशन आणि चेंज कंट्रोल, ऑडिटची तयारी यांवर भर आहे. याबद्दल फोनवर विचारलं तेव्हा आपण काहीही आडपडदा न ठेवता सांगितलंत की पहिली दोन वर्षं तरी लॅबमध्ये हात घालायला वेळ मिळणार नाही. तेव्हा आपण गुळगुळीत उत्तर दिलं असतं, तर मी कदाचित हो म्हटलं असतं आणि सहा महिन्यांनी दोघांचीही अडचण झाली असती. क्यूएचं काम मला कमी वाटत नाही. उलट लॅबमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी ठाम उभं राहतं, म्हणून तर त्या आकड्याला अर्थ असतो. पण मेथड डेव्हलपमेंटमध्ये मला अजून बरंच शिकायचं आहे. ते अर्धवट सोडून मी टेबलाच्या पलीकडे बसले, तर दुसऱ्यांचं काम तपासताना मलाच अपुरं वाटत राहील.

हा निर्णय सोपा गेला नाही, आणि तो का जड गेला हेही सांगते. इंटरव्ह्यूनंतर आपण मला लॅब दाखवायला नेलंत. पहिल्या एचपीएलसीशेजारी लॉगबुक उघडं होतं. चालू पानावर एक नोंद चुकली होती. ती एका सरळ रेघेनं खोडली होती. रेघेखालचा मूळ आकडा स्वच्छ वाचता येत होता. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि एका वाक्यात कारण. त्या दिवशी मी येणार हे त्या अॅनालिस्टला माहीत नव्हतं. पाहुण्यांसाठी टापटीप ठेवलेल्या लॅब मी पाहिल्या आहेत. कुणी बघत नसताना केलेली अशी दुरुस्ती पाहिली की ती जागा विश्वासाची वाटते.

आणि आपला तो प्रश्न. अॅसेची मर्यादा ९५.० ते १०५.० टक्के, निकाल आला ९४.२, तेच सोल्युशन पुन्हा इंजेक्ट केलं तर ९५.६, काय कराल? मी म्हटलं, दुसरा निकाल चांगला आला म्हणून पहिला टाकून देता येणार नाही. सोल्युशन्स जपून ठेवीन, वजनं, डायल्युशन, सिस्टिम सुटेबिलिटी तपासून लॅबमधली चूक सापडते का ते पाहीन. नाही सापडली तर चौकशी प्रॉडक्शनपर्यंत न्यावी लागेल. यावर आपण मुद्दाम जोर दिलात, "गाडी गेटवर उभी आहे, वरून फोन येतायत." मी माझं उत्तर बदललं नाही. तेव्हा आपण म्हणालात, "आमच्याकडे गाडी थांबते." घरी परतताना हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ज्या विभागाचा प्रमुख असं बोलतो, तिथे कधी ना कधी काम करायला मिळावं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

म्हणूनच पुढचंही स्पष्ट लिहिते. बारा महिन्यांचा डेटा येऊन रिपोर्ट पूर्ण व्हायला साधारण सहा महिने लागतील. त्यानंतर मी माझ्या वरिष्ठांच्या मर्जीत राहून, नीट हँडओव्हर देऊन निघू शकेन. तोवर आपण कुठली जागा माझ्यासाठी अडवून ठेवावी, असं मी अजिबात सुचवत नाही. आपलं काम थांबू शकत नाही. पण अॅनालिटिकल डेव्हलपमेंटचा विस्तार करण्याचा विचार असल्याचं आपण बोलता बोलता सांगितलं होतं. तिथे मेथड डेव्हलपमेंट किंवा व्हॅलिडेशनची जागा निघाली, तर मला एक मेसेज जरूर करा. पद आत्ताच्या ऑफरपेक्षा एक पायरी खालचं असलं तरी मला चालेल, आणि इंटरव्ह्यू पहिल्यापासून पुन्हा द्यावा लागला तरी हरकत नाही. क्यूएची दारंही मी स्वतःहून बंद करत नाही. लॅबमधली आणखी दोन-तीन वर्षं गाठीशी आली की त्याच खुर्चीवर मी आजच्यापेक्षा कामाची ठरेन.

मी फक्त वाट बघत बसणार नाही. स्टडी संपला की मीच आपल्याला कळवेन. त्या वेळी जागा नसेल तर आपण तसं मोकळेपणानं सांगा. उत्तर द्यायचा संकोच वाटू देऊ नका.

आत्ताच्या जागेसाठी एक गोष्ट सुचवू का? माझे आधीच्या कंपनीतले एक सहकारी क्यूएमध्येच आहेत आणि सध्या बदलाच्या विचारात आहेत. बॅच रेकॉर्डचा रिव्ह्यू त्यांच्याइतक्या शांतपणे करणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांना विचारल्याशिवाय नाव देणं बरं नाही. आपण हो म्हणालात तर त्यांच्याशी बोलून बायोडेटा थेट एचआरकडे पाठवायला सांगते. त्यापुढे निवड पूर्णपणे आपली. मी शिफारस केली म्हणून काही वेगळं व्हावं, अशी अपेक्षा नाही. माझ्या सध्याच्या टीममधल्या कुणाचं नाव मात्र मी सुचवणार नाही, हे आपण समजून घ्याल.

लॅबमध्ये जे पाहिलं आणि चर्चेत आपल्या प्रॉडक्ट्सबद्दल जे कानावर पडलं, ते माझ्यापाशीच राहील. आपली ऑफर दाखवून इथे पगारवाढ मागण्याचाही माझा विचार नाही. इथे मी थांबतेय ती कामासाठी.

पॅनेलमधल्या मॅडमनाही माझा नमस्कार सांगावा. फोर्स्ड डिग्रेडेशनबद्दल त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी पूर्ण देता आलं नव्हतं. आता थोडा अभ्यास केला आहे. त्यांची हरकत नसेल तर दोन परिच्छेदांत लिहून पाठवीन, त्यांचं मत ऐकायला आवडेल.

आपण दिलेल्या वेळेबद्दल आणि दाखवलेल्या विश्वासाबद्दल पुन्हा एकदा आभार.

आपली नम्र,
मीनल