1 ऑक्टोबरपासूनची नवी रचना : कोण कोणाला रिपोर्ट करणार, आणि का

शिरोली आणि गोकुळ शिरगाव, दोन्ही युनिटमधल्या सर्वांना नमस्कार.

1 ऑक्टोबरपासून फाउंड्री आणि मशीन शॉप यांची क्वालिटी, मेंटेनन्स आणि प्लॅनिंग-डिस्पॅच ही तीन खाती एकत्र होत आहेत. आजवर प्रत्येक युनिटचं आपापलं खातं होतं. आता दोन्ही युनिट मिळून एकच असेल. आपण 412 जण आहोत. त्यातल्या 47 जणांचे वरिष्ठ या बदलामुळे बदलतात. त्या प्रत्येकाशी मी किंवा एचआरच्या मॅडम गेल्या दोन आठवड्यांत समोरासमोर बसून बोललो आहोत. युनियनच्या प्रतिनिधींशीही गेल्या शनिवारी सविस्तर बोलणं झालं. त्यानंतरच हे पत्र बोर्डावर लागतंय. स्टोअर्सचं काम कॉम्प्युटरवर नेलं तेव्हा आपल्याच माणसांना ती बातमी गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर कळली होती. ती चूक माझी होती आणि ती पुन्हा होऊ द्यायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

सगळ्यांच्या मनातला पहिला प्रश्न आधी घेतो. कोणाचीही नोकरी जात नाही. पगार, ग्रेड, हुद्दा, सेवाज्येष्ठता, बोनस, रजा, पीएफ यांत कोणाच्याही बाबतीत फरक पडणार नाही. शिफ्ट आणि बसचे मार्ग आहेत तेच राहतील. बसायची जागा फक्त दोघांची बदलते. दोघेही डिस्पॅचचे आहेत आणि दोघांनाही विचारून ठरवलं आहे.

आता हे का करतोय ते सांगतो.

जूनमध्ये मी गोकुळ शिरगावला लाल रॅकपाशी उभा होतो. रॅकवर आपलंच एक फ्लायव्हील हौसिंग पडलं होतं. बोअरिंग झाल्यावर आतल्या बाजूला करंगळीचं टोक जाईल एवढं ब्लो होल उघडं पडलेलं. त्याला दोन टॅग लटकत होते. एकावर ‘कास्टिंग डिफेक्ट’, दुसऱ्यावर ‘तपासून परत’. अंगावर खडूने लिहिलेला हीट नंबर निम्मा पुसला होता. ते हौसिंग अकरा दिवस तिथेच होतं. या अकरा दिवसांत दोन्ही क्वालिटी खात्यांनी एकमेकांना सहा मेल पाठवले होते. मी सगळे वाचले. एकाही मेलमध्ये कोणी खोटं बोललेलं नव्हतं. प्रत्येकजण आपल्या युनिटची बाजू इमानदारीने मांडत होता, आणि ते प्रत्येकाचं कामच होतं.

पण ब्लो होल अकरा दिवस थांबत नाही. वाळूत ओल जास्त झाली, कोअरचा गॅस बाहेर पडायला वाट राहिली नाही, धातू थंड ओतला गेला, यातलं नेमकं काय घडलं हे त्या दिवशीच शोधावं लागतं. फाउंड्रीतल्या माणसाला हे मी सांगायला नको. मोल्ड फोडला की तीच वाळू परत सॅण्ड प्लांटला जाते, त्यात नवा बेंटोनाइट आणि पाणी पडतं, आणि ती पुन्हा मोल्डिंगला येते. अकरा दिवसांनी तुम्ही कोणती वाळू तपासणार? जे मशीनवर दिसतं ते भट्टीपाशी त्याच दिवशी कळायला हवं. त्यासाठी दोन्ही टोकांची माणसं एकाच खात्याची असली पाहिजेत. या बदलामागचं खरं कारण एवढंच आहे.

जुनी रचना चुकीची होती असं मात्र मी म्हणणार नाही. 2019 आणि 2021 आठवा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, रस्ता बंद झाला आणि दोन्ही युनिटचा एकमेकांशी संबंध तुटला. तेव्हा प्रत्येक युनिटचं क्वालिटी आणि मेंटेनन्स आपापलं होतं, म्हणूनच आपण उभे राहिलो. ज्यांनी ती खाती उभी केली त्यांनी ती विचार करून केली होती. म्हणून नव्या रचनेतही एक नियम लेखी ठेवला आहे : महामार्ग बंद झाला की त्या घडीपासून दोन्ही युनिटचे प्लँट इन्चार्ज आपापल्या ठिकाणी तिन्ही खात्यांचे प्रमुख असतील. त्यासाठी कोणाला फोन करायची किंवा परवानगी मागायची गरज नाही.

क्वालिटी. 26 जणांचं रिपोर्टिंग बदलतं. दोन्ही युनिटच्या क्वालिटीच्या प्रमुख साळोखे मॅडम असतील. आत्तापर्यंत त्या मशीन शॉपचं क्वालिटी बघत होत्या. फाउंड्री क्वालिटी आणि लॅबचे बाराही जण त्यांच्या खात्यात येतात, आणि त्यांत जाधव अण्णाही आहेत.

अण्णांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, त्यांच्या परवानगीने. चोवीस वर्षं अण्णा थेट मला, आणि माझ्याआधी माझ्या वडिलांना रिपोर्ट करत आले. आता त्यांच्या आणि माझ्यामध्ये एक पायरी येते. ती नाही असं दाखवायचा प्रयत्न मी करणार नाही, कारण त्यांना ती दिसते आणि तुम्हालाही दिसते. दोन्ही युनिटचं प्रमुखपद मी आधी अण्णांनाच देऊ केलं होतं. चार दिवस विचार करून ते म्हणाले, “ग्राहकांचे ऑडिट, पोर्टल, प्रवास यात माझी शेवटची तीन वर्षं जातील. मला वाळूपाशी राहू द्या. आणि सहा पोरं द्या, शिकवायला.” सहा पोरं ठरली आहेत, त्यांची नावं अण्णांनीच निवडली. ती वर्षभर त्यांच्या हाताखाली सॅण्ड लॅब, स्पेक्ट्रो आणि डिफेक्टचं विश्लेषण शिकतील. अण्णांचा वरिष्ठ व्यवस्थापक हा हुद्दा, ग्रेड आणि केबिन कायम आहे. हीट थांबवण्याचा अधिकारही कायम आहे, आणि अण्णांनी थांबवलेली हीट साळोखे मॅडमना किंवा मला परस्पर सुरू करता येणार नाही. कोणी विचारलं, “अण्णांना बाजूला केलं का?” तर हा परिच्छेद दाखवा.

उरलेले चौदा म्हणजे मशीन शॉपमधले लाइन इन्स्पेक्टर. ते आजवर शिफ्टच्या प्रॉडक्शन सुपरवायझरना रिपोर्ट करायचे. आता साळोखे मॅडमच्या खात्याला करतील. सुपरवायझरहो, तुमच्या हजेरीपत्रकातून चौदा नावं कमी होतात आणि हे तुम्हाला खटकणार, हे मला माहीत आहे. दोघांनी मला तसं तोंडावर सांगितलं, ते बरं झालं. माझं म्हणणं असं आहे. आपलं प्रमाणपत्र ज्या आयएटीएफ 16949 चं आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की क्वालिटीची जबाबदारी असलेल्या माणसाला माल आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार हवा. आज तो अधिकार कागदावर आहे. पण ज्याने आपली रजा मंजूर करायची, त्याचंच मशीन रात्री दोन वाजता बंद करायला सांगणं कोणत्याही इन्स्पेक्टरला अवघड जातं. यात दोष ना इन्स्पेक्टरचा, ना सुपरवायझरचा. दोघांनाही आम्ही चुकीच्या जागी उभं केलं होतं. आणखी एक : यापुढे रिजेक्शनचा आकडा एकट्या सुपरवायझरच्या नावावर लागणार नाही. सकाळच्या मीटिंगला फाउंड्री, मशीन शॉप आणि क्वालिटी तिघंही त्यावर उत्तर देतील. इन्स्पेक्टर त्याच लाइनवर, त्याच टेबलापाशी असतील. रजा क्वालिटीकडून मंजूर होईल, पण सुपरवायझरला आदल्या दिवशी तोंडी कळवायचं, म्हणजे त्यांना शिफ्ट लावता येईल.

मेंटेनन्स. 14 जणांचा बदल. दोन्हीकडचं मेंटेनन्स चौगुले बघतील. शिरोलीचे भट्टीचे चौघे जागेवरून हलणार नाहीत आणि त्यांना सीएनसीच्या कॉलवर पाठवलं जाणार नाही. इंडक्शन भट्टीचं कूलिंगचं पाणी बंद पडलं तर कोणाला विचारत बसायला वेळ नसतो. तिथला निर्णय शिफ्टमधल्या फिटरचाच, जसा आत्ता आहे. शिरोलीचे मेंटेनन्स इन्चार्ज मुल्ला हे चौगुलेंना रिपोर्ट करतील, आणि दोन्ही युनिटच्या वीजखर्चाचं काम पहिल्यांदाच एका माणसाकडे, म्हणजे त्यांच्याकडे येतंय. ते काम त्यांनी स्वतः मागून घेतलं.

प्लॅनिंग-डिस्पॅचचे सातजण गोकुळ शिरगावच्या प्लॅनिंग मॅनेजरना रिपोर्ट करतील. कामात फारसा फरक नाही. फक्त ग्राहकाचं शेड्यूल यापुढे दोन नव्हे, एकाच शीटवर असेल.

प्रॉडक्शन, अकाउंट्स, खरेदी, स्टोअर्स, एचआर आणि सिक्युरिटी यांत बदल नाही. टूलरूमचं काय, असं बऱ्याच जणांनी विचारलं. टूलरूमचा निर्णय अजून झालेला नाही. तो डिसेंबरअखेरपर्यंत होईल, आणि होण्याआधी टूलरूमच्या नऊही जणांशी बोलणं होईल. तोवर कोणी काही सांगितलं तर ती अफवा समजा.

यंदाच्या वार्षिक मूल्यमापनाची काळजी ज्या 47 जणांना आहे त्यांच्यासाठी : सप्टेंबरअखेरपर्यंतचं मूल्यमापन तुमचे आत्ताचे वरिष्ठच लिहून देतील आणि तुमच्यासमोर बसून वाचून दाखवतील. नवे वरिष्ठ त्यात फेरफार करू शकणार नाहीत. वर्षभराचं काम नव्या माणसाला माहीत नसतं, त्यामुळे ते कोरं राहायला नको. प्रत्येकाला 25 सप्टेंबरपर्यंत वैयक्तिक पत्र मिळेल. त्यात हुद्दा, ग्रेड, नवे वरिष्ठ, रजा कोण मंजूर करणार आणि तक्रार असेल तर कोणाकडे जायचं, हे सगळं असेल. पत्रात काही चुकलेलं वाटलं तर सही करू नका. एचआरला दाखवा, दुरुस्त करून मिळेल.

पहिले काही आठवडे गोंधळ होईल. कोणी सवयीने जुन्या वरिष्ठांकडे जाईल. जुन्या वरिष्ठांनी “आता मी कोण सांगणारा” असं म्हणून कोणालाही परत पाठवू नये. प्रश्न ऐकून घ्यावा, लागलं तर सोडवावा आणि नव्या वरिष्ठांना कळवावं. 31 डिसेंबरपर्यंत अशीच मुभा राहील. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी दोन्ही युनिटमध्ये बसून काय जमलं आणि काय नाही ते ऐकेन. जे जमलं नसेल ते बदलू.

बोलायला मी असा भेटेन : शिरोलीत 22 सप्टेंबरला कँटीनमध्ये दुपारी 3 वाजता आणि रात्रपाळीसाठी रात्री 11 वाजता, गोकुळ शिरगावला 23 सप्टेंबरला त्याच वेळांना. सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर माझ्या केबिनचं दार त्या दोन्ही दिवशी संध्याकाळी 5 ते 7 उघडं आहे. वेळ मागून घ्यायची गरज नाही.

खंडेनवमीची पूजा दरवर्षीप्रमाणे दोन्ही युनिटमध्ये वेगवेगळी होईल. शिरोलीत भट्टीची पूजा अण्णांच्या हस्ते, नेहमीसारखीच.

आपला,
व्यवस्थापकीय संचालक