दहावी बोर्ड: तिसऱ्या दिवशी मोडणार नाही असं टाइमटेबल

(कॅमेऱ्यासमोर भिंतीवरून काढलेला कार्डशीट. चार रंगांचे स्केचपेन, कडेला चौकट.)

हे टाइमटेबल ओळखीचं वाटतंय? रविवारी रात्री दोन तास बसून आखलेलं. पहाटे ४ ला उठणे, १४ तास अभ्यास. सोमवारी जमलं, मंगळवारी डोळे चुरचुरले, बुधवारी जाग आली तेव्हा ८ वाजले होते. आणि मग "आता पुढच्या सोमवारपासून."

तुम्ही आळशी नाही आहात. या कागदावर जेवायला वेळ नाही, क्लासला जायचा-यायचा वेळ नाही, घरी पाहुणे आले तर जागा नाही. मोडणारच होतं ते.

मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. पूर्वपरीक्षा संपली, शाळा बंद झाली, की मी त्यांना हा दिवस लिहून देते.

(स्क्रीनवर वेळा एकेक करून येतात.)

६:०० उठा. ६:३० ते ८ बीजगणित किंवा भूमिती, एका दिवशी एकच.
मग अंघोळ, नाश्ता, घरातली कामं. ९:३० ते १०:३० विज्ञान.
११ ते १ जुनी प्रश्नपत्रिका.
जेवण, अर्धा तास झोप. ३ ते ४ तोच पेपर तपासा.
४ ते ६ क्लास.
६ ते ७:३० मोकळे. खेळा, गप्पा मारा.
७:३० ते ८:३० भाषा. जेवण. ९:३० ते १०:१५ इतिहास किंवा भूगोल.
१०:३० ला झोप.

यातलं एकच काही पाळायचं असेल तर ११ ते १ पाळा. बोर्डाचा सकाळचा पेपर ११ लाच सुरू होतो. गणित भाग १ चे ४० गुण, वेळ दोन तास. त्या वेळी हात लिहिता राहायची सवय आधीपासून लागू दे. मोबाईल दुसऱ्या खोलीत, घड्याळ समोर.

आणि ३ ते ४ चा तास, तो तर सोडूच नका. ही माझ्या एका विद्यार्थिनीची चुकांची वही.

(वहीचं पान जवळून.)

"महत्त्वमापन: त्रिज्येऐवजी व्यास घातला." पुढच्या पेपरला पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली, तेव्हा तिने उदाहरण वाचतानाच 'व्यास' या शब्दाला गोल करायला सुरुवात केली. ती चूक नंतर या वहीत आली नाही. प्रमेयाचंही तसंच: पक्ष, साध्य, सिद्धता न बघता लिहून काढा. कुठे अडलात ते लगेच कळतं.

घरात एकच खोली आहे, रात्री टीव्ही चालू असतो? मग ७:३० चा तास सकाळी ८:३० ला घ्या आणि रात्री नकाशा भरा, त्याला शांतता लागत नाही. एखादा तास बुडाला तर बुडू दे. तो मोकळ्या वेळात कोंबू नका, पुढच्या तासाला वेळेवर बसा.

उद्या ११ ला कोणता पेपर सोडवणार, ते आत्ताच खाली कमेंटमध्ये लिहा. संध्याकाळी मी प्रत्येकाला विचारणार आहे, किती प्रश्न झाले.