चौथ्या मजल्यास स्थिरता प्रमाणपत्र देण्यास नकार

दिनांक : १५ डिसेंबर २०२५

प्रति,
श्री. विलासराव घोरपडे,
बिबवेवाडी, पुणे

विषय : आपल्या इमारतीवरील विनापरवाना चौथ्या मजल्याचे स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेट

संदर्भ : आपले ८ डिसेंबरचे पत्र व १२ डिसेंबरची माझी स्थळपाहणी

सप्रेम नमस्कार,

महापालिकेच्या नोटिशीला उत्तर देताना सोबत जोडण्यासाठी आपण माझी सही मागितली आहे. ही सही मी देऊ शकत नाही. आपली ओळख सोळा वर्षांची आहे, म्हणून नुसता नकार न कळवता कारणे सविस्तर लिहितो.

या इमारतीचे आरसीसी डिझाइन २००९ साली मीच केले. पार्किंग आणि वर तीन मजले, एवढेच त्यात धरले होते. टेरेसवर पुढे मजला चढेल असे ना आपण तेव्हा म्हणालात, ना मी तशी तरतूद ठेवली. पाहणीनंतर जुनी गणिते पुन्हा काढून बसलो. मधल्या कॉलमवर मूळ भार सुमारे ७२ टन होता. नव्या भिंती, नवा स्लॅब आणि राहणाऱ्या माणसांचे वजन धरले की तो ९१ टनांवर जातो. कॉलम २३० बाय ४५० मिमीचा, काँक्रीट एम-२०. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे सुरक्षिततेचा गुणक लावून हिशेब केला तर हा भार त्याच्या क्षमतेबाहेर जातो. फुटिंगचे तेच. जमिनीची धारणक्षमता दर चौरस मीटरला २० टन धरली होती. आता दाब २५ टनांच्या आसपास येतो. वर चढवलेली दहा हजार लिटरची टाकी मी यात धरलेलीच नाही. तिचे पाणीच १० टन भरते.

मला जास्त काळजी नव्या कॉलमची वाटते. टेरेसवर स्टार्टर सळया, म्हणजे पुढचा कॉलम जोडण्यासाठी खालच्या कॉलममधून वर ठेवलेली टोके, सोडलेल्या नव्हत्या, त्यामुळे ठेकेदाराने स्लॅबला भोके पाडून सळया बसवल्या. मागच्या कोपऱ्यात गिलावा काढून पाहिले, तर १२ मिमीची सळई जेमतेम चार इंच आत होती आणि हाताने हलत होती. ओतीव काँक्रीटमध्ये या सळईला ताणात साधारण ५६ सेंमी पकड लागते. म्हणजे वरचा मजला खालच्या सांगाड्याशी जोडलेलाच नाही. तो नुसता ठेवलेला आहे. त्यात आपली इमारत पार्किंगवर उभी. तळाशी भिंती नाहीत, सगळा आडवा जोर फक्त कॉलमवर येतो. भूकंपासाठी मूळ डिझाइन झोन ३ धरून केले होते. माथ्यावर वजन वाढले की तो जोरही वाढतो.

मीटर बॉक्सशेजारच्या कॉलमला उभी चीर आहे आणि तिच्यातून गंजाचा डाग उतरला आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी स्वयंपाकघराचे दार दिवाळीपासून घासते म्हणून दाखवले. त्यांना वाटते लाकूड फुगले असेल. पावसाळा संपून इतके दिवस झाल्यावर लाकूड फुगत नाही. बीम किती वाकला आहे हे मोजावे लागेल.

आता कायद्याचे. मंजूर नकाशात चौथा मजला नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली आपल्याला नोटीस आली आहे, आणि कलम ५२ प्रमाणे विनापरवाना बांधकाम हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. माझ्या सर्टिफिकेटने परवानगी मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे. परवानगीसाठी कलम ४४ खाली रीतसर अर्ज करता येतो. पण एफएसआय शिल्लक असला तरी हे कॉलम त्या अर्जाला साथ देणार नाहीत. शिवाय सहाही फ्लॅट विकलेले आहेत. १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीच्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे सर्व फ्लॅटधारकांच्या पूर्वसंमतीशिवाय आपल्याला मजला वाढवता येत नाही. त्यांना कोणी विचारलेच नव्हते, असे त्यांनी मला सांगितले.

“सगळीकडे होतं, कागदच तर आहे,” असे आपण फोनवर म्हणालात. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याला अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे गेली. काम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायला आली होती. तो आकडा आठवला की माझा हात सहीला उठत नाही. दुप्पट फीचा विषय कृपया पुन्हा काढू नये.

टाकी आजच रिकामी करा. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूंना या आठवड्यात दुसरीकडे हलवा, त्यांचे डिपॉझिट परत करा. मजला उतरवताना ब्रेकर लावू नका. आधी खालच्या स्लॅबना टेकू, मग वरून खाली, हातोडी-छिन्नीने. हे काम माझ्या देखरेखीखाली करणार असाल तर नकाशे आणि फेऱ्या यांची फी मी घेणार नाही. नंतर खालच्या तीन मजल्यांची एनडीटी, म्हणजे काँक्रीट न फोडता होणारी तपासणी, करून घेऊ, आणि जे निघेल ते लेखी देईन.

इमारतीत माणसे राहतात, म्हणून या पत्राची प्रत सोसायटीचे अध्यक्ष आणि महापालिकेचा बांधकाम विकास विभाग यांना आजच देत आहे. हे आपल्याला आधी कळावे म्हणून काल दोनदा फोन केला होता.

आपला,
श्रीकांत देशपांडे
स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुणे